नफा घटलेल्या वर्षाचं अध्यक्षीय भाषण: मसुद्यावर मतं हवी आहेत

टाचण

आमच्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा तीन आठवड्यांवर आली आहे. मी कंपनी सेक्रेटरींच्या हाताखाली काम करते आणि अध्यक्षांच्या भाषणाचा कच्चा मसुदा या वर्षी माझ्याकडे आहे. आजवर हे काम सोपं होतं, कारण नफा वाढतच होता. या वर्षी विक्री थोडी वाढूनही नफा चांगलाच खाली आला आहे. अध्यक्ष मॅडमना भाषण प्रामाणिक हवंय, पण सभेत घबराट नकोय.

निकाल जाहीर झालेले आहेत, तरी कंपनी ओळखू येऊ नये म्हणून गेल्या वर्षीचा करपूर्व नफा १०० धरते. त्या मापाने या वर्षीचा नफा ६४ आहे.

सध्याच्या मसुद्याची सुरुवात अशी आहे:

"सरलेलं वर्ष जागतिक अनिश्चिततेचं होतं. कच्च्या मालाच्या किमतींतील अभूतपूर्व वाढीमुळे संपूर्ण उद्योगाच्या नफाक्षमतेवर ताण आला. अशा प्रतिकूल परिस्थितीतही आपल्या कंपनीने विक्रीत वाढ नोंदवली."

नफ्याचा आकडा चौथ्या पानावर येतो. माझ्या मनाला हे पटत नाहीये, पण नेमकं काय बदलावं ते सुचत नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी सांगावं.

जुना भागधारक

मी सभांना नेमाने जाणारा माणूस आहे. आकडा चौथ्या पानावर गेला की तिसऱ्या पानापर्यंत कोणी ऐकतच नाही, सगळे अहवाल उघडून आकडा शोधत बसतात. नफा घटला हे प्रत्येकाला सभेला येण्याआधीच माहीत असतं. त्यामुळे दुसऱ्याच वाक्यात "नफा १०० वरून ६४ वर आला" असं स्पष्ट सांगा. मग लोक कारण ऐकायला तयार होतात.

आणि लाभांश किती, तेही पहिल्या दोन मिनिटांत येऊ द्या. आमच्यासारख्या निवृत्त माणसांना बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

सुटे पैसे

लाभांशाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. एका कंपनीचा गेल्या वर्षीचा लाभांश माझ्या खात्यात आलाच नाही. मी बँक बदलली होती. आता सभेत उभं राहून अध्यक्षांना विचारलं तर चालेल का? ईमेलला उत्तर येत नाही.

टाचण

@सुटे पैसे, सभेत विचारता येईल, पण अध्यक्ष तिथल्या तिथे एवढंच म्हणतील की सेक्रेटरींना भेटा. त्याआधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे नव्या खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक पाठवा. न पोचलेला लाभांश वेगळ्या खात्यात राहतो, लगेच बुडत नाही. मात्र त्यालाही मुदत असते, तेव्हा उशीर करू नका.

@जुना भागधारक, लाभांश तेवढाच ठेवला आहे. त्यावरूनही आत मतभेद होते.

ताळेबंद

मी बरीच वर्षं वित्त विभागात होतो आणि अशी दोन-तीन भाषणं हातावेगळी केली आहेत. शब्दांना हात लावायच्या आधी एक काम करा. १०० पासून ६४ पर्यंतचा हिशेब एका कागदावर उभा मांडा. कोणत्या कारणाने किती कमी झाले, कोणत्या कारणाने किती वाढले, आणि बेरीज ६४ वर आली पाहिजे. सीएफओंच्या टेबलावर हा कागद असतोच, संचालक मंडळासमोर गेलेला असतो. तो हाताशी असल्याशिवाय भाषण लिहायला बसू नका. कारणं खरी असली तरी त्यांचा क्रम आणि आकार चुकला की भाषण खोटं वाटतं, आणि विश्लेषक मंडळी ते पाच मिनिटांत पकडतात.

टाचण

कागद मिळाला. याच मापात सांगते:

गेल्या वर्षीच्या १०० मध्ये जुनी जमीन विकून आलेले ९ होते.
कच्चा माल महागल्यामुळे २४ गेले.
आम्ही विक्रीचे दर वाढवले त्यातून १२ आले.
जास्त माल विकला त्याचे ४ आले.
नवीन उत्पादन लाइन या वर्षी सुरू झाली. तिचा घसारा ७, कर्जाचं व्याज ६, माणसं, वीज आणि चाचणीत वाया गेलेला माल ४. एकूण १७ गेले.
बाकी किरकोळ २ गेले.

जमिनीचे ९ काढले तर ९१ उरतात. तिथून हिशेब धरला की बरोबर ६४ येतात.

कोरा कागद

मग सोपं आहे की. कच्च्या मालाचे २४ हेच सर्वांत मोठं कारण, मसुद्यात तेच लिहिलंय. आणि घसारा म्हणजे नुसती कागदावरची नोंद, पैसा काही बाहेर जात नाही. घसारा आणि व्याजाच्या आधीचा नफा दाखवा, म्हणजे घसरण बरीच कमी दिसेल. सगळ्या मोठ्या कंपन्या तोच आकडा पुढे करतात.

ताळेबंद

@कोरा कागद, तुमचं अर्धं बरोबर आहे. घसाऱ्याची नोंद करताना त्या दिवशी तिजोरीतून पैसा जात नाही, हे खरं. पण लाइन उभी करताना तो गेला होताच. त्या वर्षांत तो नफा-तोटा पत्रकात न दिसता मालमत्तेत जाऊन बसला, आणि आता घसाऱ्याच्या रूपाने वर्षावर्षाला खर्चात उतरतोय. व्याज तर रोखीनेच जातं. तो आकडा भाषणात जरूर द्या, फक्त ६४ च्या नंतर द्या, ६४ च्या जागी नको. भागधारकाला लाभांश मिळतो तो घसारा, व्याज आणि कर सगळं वजा झाल्यावर उरतं त्यातून.

व्याज या वर्षी एकदम का उगवलं, हेही श्रोत्यांना सांगावं लागेल, नाहीतर यांनी या वर्षीच नवं कर्ज काढलं असं लोक समजतील. लाइन उभारली जात असताना कर्जावरचं व्याज लाइनच्या किमतीत मिळवलं जात होतं. लाइन वापरायला तयार झाली त्या दिवसापासून ते खर्चात येऊ लागलं. घसाराही त्याच दिवशी सुरू झाला. लाइन पूर्ण चालली काय किंवा निम्मी चालली काय, हे दोन्ही आकडे तेवढेच राहतात.

आता मुख्य गोष्ट. मसुद्यात कच्च्या मालाचे २४ ढोबळ धरलेत. त्यातले १२ तुम्ही दर वाढवून वसूल केले. म्हणजे कच्च्या मालाने खरोखर नेले ते १२. नव्या लाइनने नेले १७. नफा घटण्याचं पहिलं कारण बाजार नाही, तुमच्याच संचालक मंडळाचा गुंतवणुकीचा निर्णय आहे. तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण मसुद्यात या लाइनचा उल्लेख कुठे आहे?

टाचण

सहाव्या पानावर. "भविष्यवेधी गुंतवणूक" या मथळ्याखाली, फोटोसकट.

काठावरची

@ताळेबंद, एक शंका. कच्च्या मालात तुम्ही खर्चातून वसुली वजा केलीत. मग तोच नियम लाइनला का लावला नाही? जास्त विक्रीचे जे ४ आले, त्यातला काही भाग नव्या लाइनच्या मालाचा असणारच. तो लाइनच्या खात्यात धरायला हवा.

टाचण

विचारून आले. ४ पैकी ३ नव्या लाइनचे.

ताळेबंद

@काठावरची, अगदी योग्य पकडलंत. मग लाइनचा निव्वळ फटका १४, कच्च्या मालाचा १२, गेल्या वर्षीच्या जमिनीचे ९, किरकोळ २, आणि जुन्या मालाच्या वाढीव विक्रीतून १ परत आला. एकूण घट ३६. लाइन अजूनही पहिल्याच क्रमांकावर आहे, पण अंतर फार नाही. तेव्हा "दोन मोठी कारणं, जवळपास सारख्या वजनाची" असं म्हणणं सर्वांत खरं ठरेल.

एक विचारतो, आणि हा प्रश्न सभेतही येईल. लाइन किती चालली?

टाचण

वर्षभराची सरासरी क्षमतेच्या एक तृतीयांश. मसुद्यात "ग्राहकांच्या मंजुरी प्रक्रियेतील विलंबामुळे" असं कारण दिलंय. दोन मोठे ग्राहक आधी नमुने तपासतात, मगच ऑर्डर देतात.

ताळेबंद

नमुने कधी पाठवले आणि तपासणीला किती वेळ लागतो?

टाचण

लाइन तयार झाल्यावर दोन महिन्यांनी पाठवले. तपासणीला सहा महिने लागतात. त्यांनी सहा महिनेच घेतले.

ताळेबंद

मग विलंब कोणी केला? ग्राहकांनी ठरलेला वेळ घेतला. नमुने पाठवायला दोन महिने लागले ते तुमच्याकडून. आणि सहा महिने जाणार हे आधीच माहीत होतं, तरी वर्षाच्या अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून ऑर्डर धरल्या होत्या, असा माझा कयास आहे. तसं असेल तर चूक अंदाजात होती. भाषणात नेमकं हे वाक्य यायला हवं. ग्राहकांवर ढकललंत तर त्या दोन्ही ग्राहकांची माणसंही ते वाचतील, हेही मॅडमच्या कानावर घाला.

टाचण

तुमचा कयास बरोबर आहे. सीएफओंनी खासगीत मान्य केलं.

जुना भागधारक

जमिनीच्या ९ बद्दल कोणी बोलत नाहीये. गेल्या वर्षीच्या भाषणात "विक्रमी नफा" असं म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर तेव्हाच जमीन विकून आलेला पैसा वेगळा सांगितला होता का?

टाचण

"विक्रमी" म्हटलं होतं. जमिनीचा उल्लेख अहवालाच्या टिपणीत होता, भाषणात नव्हता.

जुना भागधारक

मग या वर्षी "गेल्या वर्षी एकवेळचं उत्पन्न होतं, ते वगळलं तर घट ३६ टक्के नसून ३० टक्केच आहे" असं म्हणाल तर माझ्यासारखा माणूस उठणारच. मिळालं तेव्हा नफा म्हणून मिरवलं आणि आता वगळा म्हणता. ते वगळू नका असं माझं म्हणणं नाही, वगळायलाच हवं. पण त्याच दमात "गेल्या वर्षी हे मी याच व्यासपीठावरून वेगळं सांगायला हवं होतं" असं एक वाक्य अध्यक्षांनी म्हटलं तर त्या आकड्यावर विश्वास बसेल.

वळणवाट

या विषयावर संशोधन झालेलं आहे, म्हणून लिहिते. १९८३ साली जेम्स बेटमन आणि बार्टन वाइट्झ यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रांचा अभ्यास केला. वाईट निकालांची कारणं कंपन्या बाहेर शोधतात आणि चांगल्या निकालांचं श्रेय स्वतःकडे घेतात, असं त्यांना दिसलं. २००४ साली फिओना ली, क्रिस्टोफर पीटरसन आणि लॅरिसा टिडेन्स यांनी १४ कंपन्यांची २१ वर्षांची वार्षिक अहवालांतली पत्रं तपासली. ज्यांनी वाईट घटनांची कारणं स्वतःच्या हातातली म्हणून सांगितली, त्यांच्या शेअरचा भाव वर्षभरानंतर तुलनेने वर होता.

याचा अर्थ कबुली दिली की भाव चढतो असा काढू नका. ज्यांना स्वतःची चूक सांगता येते त्यांच्याकडे ती सुधारण्याची तयारीही असेल, असंही असू शकतं. पण कबुली दिली की शेअर कोसळेल, या भीतीला त्या अभ्यासात आधार नाही.

कोरा कागद

पण सगळ्या उद्योगाचेच नफे घसरले असतील तर तसं सांगण्यात वावगं काय? ते खरंच आहे ना?

ताळेबंद

वावगं काही नाही. फक्त तुलना पुरी करा. कच्चा माल सगळ्यांनाच महाग पडला. प्रश्न एवढाच की त्यातला किती कोणी दरांतून वसूल केला. तुम्ही निम्मा केला. स्पर्धकांचे जाहीर झालेले अहवाल बघा. त्यांनीही साधारण तेवढाच केला असेल तर हे वाक्य ठेवा. त्यांनी तीन चतुर्थांश वसूल केला असेल, तर "संपूर्ण उद्योगावर ताण" हे तुमच्याच विरुद्ध जाईल, कारण पुढचा प्रश्न ठरलेला आहे: त्यांना जमलं ते तुम्हाला का नाही?

निम्मीच वसुली का झाली याचं कारण बहुधा करारांत असेल. दर सहा महिन्यांनी बदलत असतील तर महागाई आधी येते आणि दर मागून वाढतात. श्रोत्याला हे एका वाक्यात कळतं. "अभूतपूर्व" लिहून काहीच कळत नाही.

टाचण

दर सहामाहीच बदलतात, बरोबर. आज सगळ्यांचं वाचून पहिली दोन मिनिटं पुन्हा लिहिली. बघा:

"आपल्या कंपनीचा करपूर्व नफा या वर्षी १०० वरून ६४ वर आला. लाभांश मात्र गेल्या वर्षीइतकाच सुचवला आहे, आणि तो का, हे मी पुढे सांगणार आहे. नफा घटण्याची मोठी कारणं दोन. पहिलं, आपली नवीन लाइन. तिचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू झाला, पण तिच्या मालाची मागणी नवव्या महिन्यानंतर आली. ग्राहकांना तपासणीसाठी सहा महिने लागतात हे आम्हाला ठाऊक होतं. तरीही आम्ही वर्षाचा अंदाज बांधताना ते धरले नाहीत, आणि नमुने पाठवायलाही दोन महिने घेतले. ही जबाबदारी संचालक मंडळाची आणि माझी आहे. दुसरं, कच्चा माल. त्याच्या वाढीव खर्चातला निम्मा भाग आपण दर वाढवून वसूल केला, उरलेला निम्मा करारांच्या मुदतीमुळे या वर्षी करता आला नाही. शिवाय गेल्या वर्षीच्या नफ्यात जमीन विकून आलेले ९ होते. ते पुन्हा येणारे नव्हते, आणि हे मी गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं."

जुना भागधारक

हे ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन. मोठ्याने वाचून बघा मात्र. पहिलं वाक्य सोडलं तर एका वाक्यात एकच आकडा, हे पाळलंत ते चांगलं केलंत. कानाने ऐकणाऱ्याला दुसरा आकडा आला की पहिला विसरायला होतो.

काठावरची

"करता आला नाही" च्या जागी "आम्ही केला नाही" असं हवं का? करारांवर सह्या तुम्हीच केल्या होत्या.

ताळेबंद

तिथे मी "करता आला नाही" ठेवेन. करार दोन वर्षांपूर्वीचे असतील आणि त्या वेळी सहामाही मुदतच रास्त होती. सगळंच अंगावर घेतलं तर खरी चूक कोणती ते झाकलं जातं. लाइनच्या बाबतीत चूक होती, इथे नव्हती.

वॉरेन बफे यांचं १९९९ सालाबद्दलचं पत्र आठवतं. त्या वर्षी बर्कशायरचं पुस्तकी मूल्य ०.५ टक्के वाढलं आणि बाजाराचा निर्देशांक २१ टक्के. आपल्या कारकिर्दीतली ही सर्वांत वाईट कामगिरी आहे हे त्यांनी अगदी सुरुवातीलाच लिहिलं आणि दोष स्वतःकडे घेतला. पण नेमका कशाचा, तेही सांगितलं: भांडवल कुठे गुंतवायचं याच्या निर्णयाचा.

चाकोरीबाहेर

मी वकील आहे, कंपनी कायद्याचंच काम करतो. मसुदा चांगला झालाय, पण यापुढचा भाग धोक्याचा आहे. "लाइन आता जवळपास पूर्ण चालू लागली आहे" किंवा "या तिमाहीत परिस्थिती सुधारली आहे" असलं काही भाषणात येणार असेल, तर ते आधी जाहीर झालेलं आहे का ते तपासा. सभागृहातल्या दोनशे माणसांना जी भावावर परिणाम करणारी गोष्ट कळते, ती त्याच क्षणी बाजारातल्या सगळ्यांना कळली पाहिजे. सभेच्या आधी पहिल्या तिमाहीचा निकाल जाहीर होणार असेल तर त्यातलं जे छापलं गेलंय तेवढंच बोला. नसेल तर भाषणच सभा सुरू होण्याआधी शेअर बाजाराकडे पाठवा.

लिहिलेलं भाषण सहसा ठीक असतं. घोटाळा होतो तो प्रश्नोत्तरांत. एखादे आजोबा प्रेमाने विचारतात, "पुढच्या वर्षी तरी बरं होईल ना?" आणि अध्यक्ष धीर द्यायला म्हणून बोलून जातात, "या महिन्यात तर फारच छान चाललंय." मॅडमकडून या एका प्रश्नाचं उत्तर दोनदा म्हणवून घ्या.

आणखी एक. अध्यक्षांचं निवेदन वार्षिक अहवालात छापलं असेल तर ऑडिटर ते वाचून आर्थिक पत्रकांशी विसंगत नाही ना एवढं बघतात. सभेतल्या भाषणावर ती नजर नसते. छापलेल्या निवेदनात एक कारण आणि भाषणात दुसरं, असं होऊ देऊ नका.

टाचण

अडचण नेमकी तिथेच आहे. छापलेल्या निवेदनात "कच्च्या मालाच्या किमती" हेच पहिलं कारण आहे आणि अहवाल भागधारकांकडे गेलासुद्धा.

चाकोरीबाहेर

मग भाषणातच तो दुवा जोडा. "अहवालात मी कच्च्या मालाचा उल्लेख आधी केला होता. वसुली वजा केल्यावर लाइनचा वाटा थोडा मोठा ठरतो, म्हणून आज तिच्यापासून सुरुवात करते." आकडे तेच राहतात, मांडणी बदलते. पण हे सीएफओ आणि ऑडिट समितीच्या अध्यक्षांना आधी दाखवा. त्यांना सभेत बसून पहिल्यांदा कळता कामा नये.

ताळेबंद

सहमत. लाभांशाचं "का" मात्र अजून राहिलंय. नफा ३६ टक्के घटला आणि लाभांश तेवढाच, म्हणजे नफ्यातला जास्त हिस्सा वाटला जातोय. लाइनचं कर्ज डोक्यावर असताना हे का, याचं उत्तर "भागधारकांचा विश्वास" असं असू नये. लाइनवरचा मोठा खर्च संपला, त्यामुळे या वर्षी रोख कमी लागली, आणि कर्जाचे हप्ते भरूनही लाभांश निघतो, असं असेल तर तसं सांगा. तसं नसेल तर संचालक मंडळाने पुन्हा विचार करायला हवा होता, असं माझं मत.

जुना भागधारक

मी इथे असहमत आहे. एका वाईट वर्षासाठी लाभांश कापू नये. पुढचं वर्षही असंच गेलं तर बघू.

ताळेबंद

हे वर्ष एकटंच वाईट आहे का, तेच तर अध्यक्षांना सांगता आलं पाहिजे. जमिनीचे ९ परत येणार नाहीत. घसाऱ्याचे ७ दर वर्षी राहणार. म्हणजे लाइन भरून चालली तरच १०० पुन्हा दिसतील.

काठावरची

आणि संचालकांच्या मानधनाचं काय? नफा घटला तेव्हा तेही घटलं का? हा प्रश्न नक्की येणार.

टाचण

कार्यकारी संचालकांचं कमिशन नफ्याशी जोडलेलं आहे, ते आपोआप घटलं. पगार मात्र थोडे वाढले. मॅडम म्हणतात, भाषणात नको, कोणी विचारलं तर उत्तर देऊ.

जुना भागधारक

विचारायची वेळ आणू नका. कमिशन घटलं हे सांगाल तेव्हाच पगार वाढले हेही सांगा. दोन्ही अहवालात छापलेलंच आहे.

चाकोरीबाहेर

माझं मत उलट आहे. मानधनाचा वेगळा ठराव कार्यसूचीवर असेल तर ते स्पष्टीकरण त्या ठरावाच्या वेळी द्यावं. भाषणात घातलं तर सगळी चर्चा तिकडेच वळेल आणि लाइनबद्दल कोणी विचारणार नाही.

टाचण

ठराव आहे, कार्यसूचीवर सहावा. दोन्ही मतं मॅडमना लिहून देते. सीएफओंनी आज नवीन सुरुवात वाचली आणि "ही जबाबदारी संचालक मंडळाची आणि माझी आहे" या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. मंडळाची बैठक गुरुवारी आहे. तोवर लाभांशाचा परिच्छेद लिहून इथे टाकते, @ताळेबंद तुम्ही बघाच.